सोडियमचा अकरावा इलेक्ट्रॉन

माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या कॉलेजला माहीत आहे. पोरं मला पाठीमागे 'तोफ' म्हणतात, आणि ते मला कळतं हेही त्यांना माहीत आहे. सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवताना कुणाची भीडभाड ठेवली नाही. प्राचार्यांना भर बैठकीत चुकीचं सूत्र पुसायला लावलंय मी. म्हणून तर स्वतःची जास्त लाज वाटते. बोलायची वेळ आली तेव्हाच नेमकी ही तोफ थंड पडली.

पेपर तपासणीचा पहिला दिवस होता. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचे पेपर, एका मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर सहा परीक्षक आणि एक मॉडरेटर. या पेपरचं टेबल एकच, त्याची मॉडरेटर मी. विद्यापीठाकडून आलेली उत्तरसूची आधी मॉडरेटरनं सोडवून बघायची, शेवटच्या पानावर 'पडताळून पाहिली' असं लिहून सही करायची आणि मग परीक्षकांना वाचून दाखवायची, अशी पद्धत. उत्तरसूचीवर पेपर काढणाऱ्याचं नाव नसतं. पण ते अक्षर मी झोपेत ओळखलं असतं. ते माझ्या सरांचं होतं. मी वाचलंसुद्धा नाही. शेवटचं पान उलटलं आणि सही ठोकली.

वाचून दाखवताना चौथ्या प्रश्नाला समोरच्या टकलू परीक्षकानं हात वर केला.

"मॅडम, हे सोडियमचं १.८५ कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? स्लेटरच्या नियमांनी आलं," मी खेकसले.

"अहो, पण माझं २.२० येतंय."

प्रश्न साधा होता, पाच गुणांचा. सोडियम आणि मॅग्नेशियम, दोघांच्या सगळ्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर केंद्रकाची ओढ प्रत्यक्षात किती पडते, म्हणजे परिणामी प्रभार किती, ते काढा. दोन-दोन गुण आकड्यांना. आणि त्यावरून सांगा, मॅग्नेशियममधला इलेक्ट्रॉन उपटायला जास्त ऊर्जा का लागते. त्याला एक गुण.

मी पेन घेतलं. सोडियमच्या केंद्रकात अकरा प्रोटॉन. बाहेर एकटा अकरावा इलेक्ट्रॉन. मधले दहा त्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये उभे, ते ओढ अडवतात. कोण किती अडवतो ते नियमात ठरलेलं आहे: लगतच्या आतल्या कवचातले आठ प्रत्येकी ०.८५, म्हणजे ६.८०. त्याच्याही आतले दोन पूर्ण एक-एक. झाले ८.८०. अकरातून वजा, २.२०. टकलूचं बरोबर होतं.

मग १.८५ कसं? मला शोधायला अर्धं मिनिट लागलं. सूचीत आणखी एक ०.३५ मिळवला होता. एकाच कवचातले सोबती एकमेकांना ०.३५ नं अडवतात, हा नियम आहे. पण सोडियमच्या त्या अकराव्याला सोबतीच नाही! सरांनी त्यालाच त्याचा सोबती धरलं होतं. ज्या इलेक्ट्रॉनचा हिशोब मांडायचा, त्यालाच अडवणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं होतं. मॅग्नेशियमला खरोखर एक सोबती आहे, तिथे ०.३५ एकदाच यायला हवा आणि उत्तर २.८५. सूचीत दोनदा आला होता आणि उत्तर २.५०.

पहिल्या वर्षाची पोरं करतात ही चूक. मी पोरांचे कान उपटते त्यासाठी.

"मॅडम, गंमत बघा," टकलू म्हणाला, "दोन्हीकडे तेवढाच कमी, त्यामुळे फरक तोच राहतो, पॉइंट पासष्ट. १.८५ वरून २.५० म्हटलं काय आणि २.२० वरून २.८५ म्हटलं काय, ओढ वाढली, ऊर्जा वाढली. स्पष्टीकरण दोन्हीकडून तेच. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल."

"पण आकडे चूक आहेत."

"चूक आहेतच. वर जाऊन सांगा. दुरुस्ती आजच्या आज होते, दुपारपर्यंत. उद्या नाही होत."

सर वरच्या मजल्यावर बसले होते. पेपर काढणाऱ्याला पहिल्या दिवशी केंद्रावर हजर राहावं लागतं, शंका निरसनासाठी. जिना चढताना मी मनात वाक्य जुळवत होते. सर, तुम्हाला शोभतं का हे, असं काहीतरी. आमचं तसंच चालायचं. माझ्या सासऱ्यांनी एम.एस्सी. बंद करायचं ठरवलं होतं, तेव्हा सर आमच्या घरी येऊन दोन तास पायरीवर बसून राहिले होते. आत बोलावलं तरी आले नाहीत. "पोरीचं नाव फीच्या यादीत लिहिल्याशिवाय उठणार नाही," म्हणाले. आज मी जी काही आहे ती त्या पायरीमुळे आहे.

सर खिडकीशी बसले होते. मला बघून खूश झाले.

"ये गं पोरी! बस. काय म्हणतेस?"

"सर, चौथा प्रश्न. सोडियमचं एकदा बघता का?"

"सोडियम? दे इकडे." त्यांनी कागद ओढला, पेन उघडलं. अक्षर तेच टपोरं. अकरा लिहिलं. आठ गुणिले ०.८५ लिहिलं. दोन लिहिलं. मग थांबले. खूप वेळ थांबले. आणि अगदी खात्रीनं ०.३५ लिहिलं.

"१.८५," ते म्हणाले. "बरोबर आहे ना गं?"

मी म्हटलं, "सर, हा ०.३५ कुणाचा?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर एकदम भीती आली. सरांना घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विषय बदलला, अगदी प्रेमानं. म्हणाले, "ते जाऊ दे. तुझं लग्नाचं काही जमलं का? चांगलं स्थळ बघ हो. शिकू देणारं."

तीस वर्षं झालीत माझ्या लग्नाला. सर अक्षता टाकायला आले होते.

मला तिथेच सगळं कळलं. घरच्यांनाही कळलं असणार आणि त्यांनी झाकून ठेवलं असणार. मी दुरुस्तीचा अर्ज भरला असता तर त्यावर कारण लिहावं लागलं असतं, तो वर गेला असता, चौकशी झाली असती. चाळीस वर्षांच्या मास्तरकीवर चार लोक हसत हसत चहा प्यायले असते. "म्हाताऱ्याला सोडियम येईना," म्हणाले असते. सरांनी माझा हात धरून पुन्हा विचारलं, "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे सर," मी म्हटलं.

खाली येऊन मी टेबलावर सांगितलं, सूचीप्रमाणे तपासा. टकलूनं खांदे उडवले. "तुमची सही आहे, मॅडम. मला काय!"

मी स्वतःला समजावलं, चार गुणांचीच तर गोष्ट आहे. चार गुणांनी कुणाचं काय बुडणार आहे?

आमच्या प्रयोगशाळेत एक अटेंडंट होती. पोरं तिला 'ब्युरेटताई' म्हणायची, कारण तिच्या हातून अकरा वर्षांत एकही ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजायची काचेची नळी, फुटली नव्हती आणि पोरांच्या हातून फुटली की ती रडकुंडीला यायची. वय छत्तीस. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी. सकाळी साडेसातला येऊन टेबलं पुसायची, द्रावणं बनवायची, संध्याकाळी भांडी धुवायची. खरं तर तंत्रज्ञाचं सगळं काम तीच करत होती. पगार तेवढा अटेंडंटचा, तोही हंगामी. तंत्रज्ञाची कायमची जागा निघणार होती, पण तिला पदवी लागत होती. म्हणून ती बाहेरून बी.एस्सी. करत होती. बाकी सगळे विषय निघाले, रसायनशास्त्राचा हा एक पेपर दोनदा राहिला. हा तिसरा प्रयत्न. नियमानं शेवटचा.

तिला मीच शिकवलं होतं. ती बेसिनपाशी उभी राहून फ्लास्क घासायची आणि मी स्टुलावर बसून बडबडायचे. स्लेटरचे नियम तिच्या डोक्यात शिरेनात, तेव्हा मी वैतागून म्हटलं होतं, "अगं बाई, सिनेमाच्या तिकिटाला रांगेत उभी आहेस. पुढे किती माणसं आहेत ते मोजताना स्वतःला मोजतेस का?"

"नाही."

"मग ज्या इलेक्ट्रॉनचा हिशोब, त्याला सोडून मोज. तो स्वतःला अडवत नाही. आणि रांगेत पुढे तेवढीच माणसं असली तरी खिडकी लांब असली तर? सोडियम आणि पोटॅशियम, दोघांचंही उत्तर २.२०. तरी पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन लवकर सुटतो. का?"

तिनं घासणं थांबवलं, विचार केला. "तो आणखी बाहेरच्या कवचात आहे. ओढ तेवढीच, पण लांबून."

"शाब्बास! हे माझ्या तिसऱ्या वर्षाच्या ठोंब्यांना येत नाही."

ती लाजली होती. त्या दिवशी तिनं घासलेले फ्लास्क पुन्हा एकदा घासले होते, आनंदात.

निकाल लागला. ब्युरेटताई सदतीस. उत्तीर्ण व्हायला चाळीस.

तिनं उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. दहा दिवसांत हरकत घ्यायची, अर्जावर विषयशिक्षकाची सही हवी. ती प्रत घेऊन माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हाताला साबणाचा वास येत होता. चौथा प्रश्न. २.२० आणि २.८५, सुवाच्य अक्षरात, एकेक पायरी दाखवून. आणि दोन्हींवर लाल फुली. स्पष्टीकरणाचा एक गुण मिळाला होता. पाचपैकी एक.

"मॅडम, हे तुम्ही सांगितलं तसंच लिहिलंय ना मी?"

चार गुण. सदतीस आणि चार, एक्केचाळीस. तिचे चार गुण मीच खाल्ले होते, त्या जिन्यावरून उतरताना.

मी म्हटलं, "बघते."

इथं मला सरांचं नाव पुढे करता येणार नाही. जिन्यात होते तेव्हा मी त्यांच्यासाठी गप्प होते. आता उत्तरसूचीच्या शेवटच्या पानावर माझी सही होती. पडताळून पाहिली. चूक कळली असूनही तपासणी चालू ठेवली, हे टकलूनं सांगितलं असतं. माझी बढती यायची होती, निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. मी स्वतःचं कातडं वाचवत होते. दुसरं काही नाही.

सहाव्या दिवशी ती पुन्हा आली. अर्ज भरून आणला होता, फक्त सहीची जागा रिकामी.

मी कपाट आवरण्याचं सोंग केलं. "अगं, विद्यापीठाची सूची आहे ती. मोठमोठी माणसं बनवतात. सूचीत १.८५ आहे तर काहीतरी असेल ना."

"म्हणजे स्वतःला मोजायचं?"

"नियमांचे वेगवेगळे अर्थ लावतात लोक," मी म्हटलं. सव्वीस वर्षांत इतकं बिनबुडाचं वाक्य मी बोलले नव्हते.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. काळजीनं. तिनं विचारलं, "मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" मी ओरडले. ती गेली.

दहाव्या दिवशी ती माझ्या दारात उभी होती, अर्ज हातात. मी फोनवर होते. खरं सांगायचं तर पलीकडे कुणीच नव्हतं. मी हातानंच खूण केली, नंतर ये. ती थोडा वेळ उभी राहिली आणि वळून गेली. संध्याकाळी पाचला मुदत संपली, आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. तेही सांगून टाकते.

महिन्याभरानं तंत्रज्ञाच्या जागेवर नवीन माणूस रुजू झाला. पदवीवाला. पहिल्याच आठवड्यात त्यानं ब्युरेट स्टँडला उलटी लावली. ब्युरेटताईनं काही न बोलता ती सुलटी केली. तिची हंगामी नेमणूकही त्या टर्मपुरतीच उरली होती, कारण तंत्रज्ञ आल्यावर वेगळी अटेंडंट कशाला, असं कार्यालयाचं म्हणणं होतं.

त्याच सुमारास सरांच्या मुलीचा फोन आला. सर आता घरातल्यांनाही ओळखत नाहीत, भेटायचं तर या. मी गेले. सर पलंगावर बसले होते. मी पायाला हात लावला, तर आक्रसून बाजूला झाले आणि मुलीला म्हणाले, "या बाईंना सांग, आम्हाला काही घ्यायचं नाहीये." सरांना मी दारावर आलेली विक्रेती वाटले होते. त्यांना ना चौथा प्रश्न आठवत होता, ना पायरी.

घरी येऊन मी रडले. आणि दुसऱ्या दिवशी पेन घेऊन थेट प्रयोगशाळेत गेले. मुदत संपलेली असली तरी कुलगुरूंना लिहीन, सगळं कबूल करीन, होऊ दे काय व्हायचं ते, असं ठरवून. खरं तर मला तिच्यापेक्षा जास्त मलाच मोकळं व्हायचं होतं.

ब्युरेटताई फरशीवर पोतेरं फिरवत होती.

"तुझा अर्ज आण," मी म्हटलं. "सही करते. तुझं उत्तर बरोबर होतं. २.२०च बरोबर."

ती उठली, हात पदराला पुसले. "मला माहीत आहे, मॅडम."

"काय माहीत आहे?"

"तेव्हाच कळलं होतं. तुम्ही म्हणालात ना, वेगवेगळे अर्थ लावतात. मग मी घरी जाऊन हायड्रोजनला लावून बघितलं." तिनं टेबलावरच्या पाण्यात बोटानं १ हा आकडा लिहिला. "त्याला एकच इलेक्ट्रॉन. मध्ये कुणी म्हणजे कुणी नाही. पण सूचीसारखं त्यालाच मोजलं, तर पहिल्या कवचाचा ०.३० वजा होतो आणि उरतो ०.७०. इलेक्ट्रॉन उपटायची ऊर्जा या आकड्याच्या वर्गानं बदलते, सात साता एकोणपन्नास, म्हणजे निम्मीच भरते. पुस्तकात १३१२ किलोज्यूल दिलीय, ती पूर्ण एकनंच येते. म्हणजे सूची चुकलीच होती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत एवढा सरळ पुरावा माझ्या एकाही विद्यार्थ्यानं दिला नव्हता.

"मग वर का नाही गेलीस? माझ्या सहीवाचून अडलं का?"

"नाही अडलं. मी गेले होते विद्यापीठात, नवव्या दिवशी. तिथले क्लार्क चांगले होते. म्हणाले, सही नको, लेखी तक्रार द्या. सूची तपासणाऱ्या मॅडमनी चूक पाहिली नाही, असं लिहा, लगेच चौकशी लावतो. सूचीवरची तुमची सही त्यांनीच दाखवली. कोऱ्या कागदावर तुमचं नाव घालायचं होतं." तिनं पोतेरं बादलीत पिळलं. "नाही लिहिलं."

"अगं, पण का?"

"मला वाटलं, तुम्हाला आठवेनासं झालंय. तुम्ही शिकवलेलंच तुम्ही विसरलात, असं वाटलं. वय होतं माणसाचं. तुम्ही ओरडलात तेव्हा तर खात्रीच पटली. चारचौघांत तुमची शोभा कशाला करायची? म्हटलं, दहाव्या दिवशी एकदा दारात उभी राहीन. आठवलं तर सही कराल. नाही आठवलं तर राहू दे."

मी पेनाचं टोपण लावलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. ती हुशार बाई होती.

"मॅडम, तुम्हाला आठवत होतं?"

खोटं बोलायची सवय लागली होती, तरी त्या क्षणी एकही खोटं सापडेना.

"हो."

"कधीपासून?"

"पेपर तपासायच्या पहिल्या दिवसापासून."

ती ओरडेल असं वाटलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं टेबलावरचं पाणी फडक्यानं पुसून टाकलं, फडकं घडी करून ठेवलं आणि खाली वाकून पोतेरं उचललं.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. 'मॅडम' म्हणाली नाही. "ओली फरशी आहे."